फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं, मग जीपीएसला नॅनोसेकंद कुठून मिळतात?

चौकस_चक्रम

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला किडा इथे सोडतोय. जीपीएसचं जे वर्णन सगळीकडे असतं ते असं, की उपग्रहावर अणुघड्याळ आहे, तो सिग्नलबरोबर वेळ पाठवतो, फोन बघतो की सिग्नल किती वेळात आला, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळालं, अशी तीन अंतरं मिळाली की झालं काम. इथपर्यंत ठीक. पण "किती वेळात आला" हे कळायला फोनकडेही तेवढंच अचूक घड्याळ नको का? प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. म्हणजे ३ मीटरपर्यंत बरोबर यायचं तर १० नॅनोसेकंदांचा हिशोब लागणार. फोनमध्ये अणुघड्याळ तर नक्की नाहीये, साधा क्वार्ट्झचा स्फटिक आहे. मग तो हे मोजतो कसा? का वेळही उपग्रहाकडूनच घेतो? पण मग ती वेळ यायला लागलेला वेळ कसा कळणार, तो तर अंतरावर अवलंबून, आणि अंतरच तर काढायचंय. गोल गोल फिरून डोकं भणभणलं.

आळशी_भुंगा

सोपंय की. फोन उपग्रहाला सिग्नल पाठवतो, उपग्रह तो परत पाठवतो, जाऊन येऊन किती वेळ लागला ते बघायचं आणि निम्मं करायचं. एकच घड्याळ लागतं, त्यामुळे जुळवायचा प्रश्नच नाही. म्हणून तर लोकेशन चालू ठेवलं की बॅटरी खाते.

सर्किटबाई

भुंगाजी, नाही हो. फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही, नुसता ऐकतो. २०,२०० किलोमीटर वर आहेत ते, तिथवर पोचेल एवढी ताकद त्या इवल्याशा अँटेनात नाही आणि जगातले सगळे फोन एकदम हाका मारायला लागले तर उपग्रहाने कुणाकुणाला ओ द्यायची. फोन फ्लाइट मोडवर टाकून मोकळ्या मैदानात जा, जागा मिळते. बॅटरी जाते ती ऐकण्यात आणि गणितात.

तुमची युक्ती मात्र चुकीची नाही, जाऊन-येऊन मोजायची पद्धत रडारमध्ये वापरतात. जीपीएसमध्ये नाही एवढंच.

दुपारची_झोप

माझ्या फोनचं घड्याळ मधूनच दोन-तीन मिनिटं मागे पडतं, सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक केलंय तरी. त्यामुळे नकाशा चुकतो का? परवा चांगला नदीच्या मधोमध दाखवत होता.

आळशी_भुंगा

@दुपारची_झोप पोहता येतं ना? मग काय टेन्शन.

सर्किटबाई

@दुपारची_झोप, पडद्यावर दिसणारं घड्याळ वेगळं, त्याचा या हिशोबाशी संबंध नाही. ते मिनिटांनी चुकलं तरी जीपीएसचं गणित अडत नाही, फार तर पहिल्यांदा उपग्रह शोधायला थोडा जास्त वेळ लागेल. नदीचं कारण दुसरं असणार.

आता मूळ प्रश्न. मी रिसीव्हरच्या फर्मवेअरवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

चौकस, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फोनचं घड्याळ चुकीचं आहे हे आधीच मान्य करून टाकायचं. किती चुकीचं ते माहीत नाही, तर ती "किती" हीच एक अज्ञात संख्या धरायची आणि जागेबरोबर तिलाही सोडवायचं. तीन अज्ञात जागेचे, चौथा घड्याळाचा, म्हणून चार उपग्रह.

हे असं ऐकलं की हातचलाखी वाटते, म्हणून आकडे घालून बघू. आकाश सोडा, एक सरळ रेषा घ्या. एका टोकाला मनोरा अ, दुसऱ्या टोकाला मनोरा ब, मध्ये अंतर ६० किलोमीटर. दोघांची घड्याळं एकमेकांशी अचूक जुळलेली. तुम्ही मध्ये कुठेतरी उभे आहात, समजा अ पासून १८ किलोमीटरवर, म्हणजे ब पासून ४२ वर. अ चा सिग्नल यायला ६० मायक्रोसेकंद लागतात, ब चा यायला १४०. तुमचं घड्याळ ५० मायक्रोसेकंद पुढे आहे, पण तुम्हाला ते माहीत नाही. तुम्ही मोजलेत तर अ साठी ११० येणार आणि ब साठी १९०.

आता गंमत. दोघांमध्ये अंतर ६० किलोमीटर आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणजे दोन्ही वेळांची बेरीज २०० च यायला हवी. तुमची आली ३००. हे वरचे १०० आले कुठून? तुमच्याच घड्याळातून, आणि दोन्ही मोजमापांत सारखेच घुसले, म्हणजे प्रत्येकी ५०. दोन्हींतून ५० वजा करा, ६० आणि १४० मिळाले. जागाही कळली आणि तुमचं घड्याळ किती पुढे आहे तेही कळलं.

घड्याळाची चूक सगळ्या मोजमापांत सारखीच शिरते म्हणून पकडली जाते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

चौकस_चक्रम

अरे वा, बेरीज! हे डोक्यात शिरलं. पण मग ते स्वस्त घड्याळ एकदा दुरुस्त झालं की चौथा उपग्रह सोडून दिला तरी चालेल ना? दिवसभर ती वेळ वापरायची.

सर्किटबाई

दिवसभर? एक सेकंदही नाही चालत. फोनमधला स्फटिक साधारण दहा लाखात एक भाग इकडेतिकडे होतो. म्हणजे सेकंदाला एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला ३०० मीटर. म्हणून चूक दर वेळी नव्याने सोडवावी लागते, आणि चूक किती वेगाने वाढतेय तेही काढावं लागतं.

गच्चीवरचा_अँटेना

सर्किटताई म्हणतात ते स्वतः बघता येतं. अँड्रॉइडवर कच्ची मोजमापं लॉग करणारी ॲप मिळतात (७ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे, पण सगळे फोन सगळं देत नाहीत). माझ्या लॉगमधल्या दोन ओळी:

```
FullBiasNanos = -1426312345678901234
DriftNanosPerSecond = 318.4
```

पहिला आकडा बघून घाबरू नका. फोनच्या आतलं घड्याळ फोन चालू झाला की शून्यापासून मोजतं आणि जीपीएसचा काळ ६ जानेवारी १९८० पासून मोजतात, त्यातला तो फरक, नॅनोसेकंदांत. दुसरा आकडा जास्त मजेचा. माझा स्फटिक सेकंदाला ३१८ नॅनोसेकंद घसरतोय, म्हणजे सेकंदाला जवळपास ९५ मीटर. फोन हातात धरून गरम झाला की हा आकडा हलताना दिसतो, सावलीत ठेवला की परत दुसरीकडे जातो. तरी नकाशावरचा ठिपका मात्र जागच्या जागी.

काळाच्या_पलीकडे

इतका वेळ कुणी आइन्स्टाइनचं नाव घेतलं नाही, आश्चर्य आहे. खरी गोष्ट ती आहे. उपग्रह वेगात असल्यामुळे त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. निव्वळ ३८ पुढे. ३८ गुणिले ३०० मीटर म्हणजे दिवसाला ११ किलोमीटरची चूक. सापेक्षतावाद धरला नसता तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच गावात. १९७७ साली एनटीएस-२ नावाच्या उपग्रहावर ही दुरुस्ती चालू-बंद करता येईल अशी ठेवली होती, तीन एक आठवडे बंद ठेवली, घड्याळ सांगितल्याप्रमाणेच पुढे पळालं, मग चालू केली. आता तर उपग्रहाचं घड्याळ जमिनीवरच किंचित हळू लावून पाठवतात.

आळशी_भुंगा

+१. ११ किलोमीटर मीपण वाचलंय.

सर्किटबाई

३८ मायक्रोसेकंद अगदी खरे, १९७७ पण खरं. पण त्यावरून ११ किलोमीटर काढणं मला कधीच पटलं नाही. वरचं उदाहरण परत बघा. समजा अ आणि ब दोघांचीही घड्याळं सारखीच ३८ मायक्रोसेकंदांनी सरकली. तुमच्या दोन्ही मोजमापांत सारखाच फरक पडेल. बेरीज बिघडेल, तुम्ही निम्मी करून वजा कराल, जागा तीच निघेल! फोनला वाटेल आपलंच घड्याळ चुकलंय, आणि तो ते निस्तरेल. सगळ्या उपग्रहांत सारखी असलेली चूक फोनच्या घड्याळाच्या खात्यात जाते, जागेच्या नाही.

दोन गोष्टी मात्र उरतात. उपग्रह सेकंदाला जवळपास ४ किलोमीटर धावतो, तर वेळ ३८ मायक्रोसेकंदांनी चुकली की तो कुठे होता हे १५ सेंटिमीटरने चुकेल. ते साचत गेलं तरी फार हळू. दुसरं म्हणजे कक्षा पूर्ण गोल नसतात, त्यामुळे प्रत्येक उपग्रहाचं घड्याळ फेरीच्या काही भागात थोडं पुढे, काही भागात थोडं मागे होतं. हे प्रत्येकाचं वेगळं, म्हणून निस्तरत नाही. कक्षा १ टक्क्याने लांबट असेल तर २०-२५ नॅनोसेकंद, म्हणजे ६-७ मीटर. ही दुरुस्ती उपग्रहावर नाही, फोनमधली चिपच करते. आइन्स्टाइन खिशात आहे तो या अर्थाने.

काळाच्या_पलीकडे

पण सगळे उपग्रह एकाच दिवशी सोडलेले नाहीत ना. जो दहा वर्षं वर आहे त्याचं घड्याळ कालच्यापेक्षा कितीतरी जास्त सरकलेलं असेल. सारखी चूक कुठे राहिली मग?

सर्किटबाई

हा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचं उत्तर वेगळं. जमिनीवरची केंद्रं प्रत्येक उपग्रहाचं घड्याळ सतत तपासून किती चुकलंय ते आकडे उपग्रहाला देतात, तो ते सगळ्यांना सांगतो. अणुघड्याळंही आपापली सरकतातच. सापेक्षतावाद माहीत नसता तरी हे सरकणं त्यांना दिसलं असतं आणि आकड्यात धरलं असतं, कारण न समजता.

काळाच्या_पलीकडे

म्हणजे दुरुस्ती केलीच ना शेवटी. न करता सोडून दिलं तर ११ किलोमीटरच. मी आपला माझ्या मतावर ठाम.

रेषेबाहेरची

सर्किटताई, एक शंका. तुमच्या उदाहरणात मी दोन मनोऱ्यांच्या मध्ये आहे. मी रेषेवरच पण ब च्या पलीकडे उभी राहिले तर? ब पासून १२ किलोमीटर पुढे, म्हणजे अ पासून ७२. अ ला २४० मायक्रोसेकंद, ब ला ४०. फरक २००. आणखी पुढे गेले तरी फरक २००च. घड्याळ चुकलं तरी फरक २००च. मग मी पुढे सरकले का घड्याळ सरकलं हे कसं कळणार? मला वाटतं नाहीच कळणार.

सर्किटबाई

नाहीच कळणार, शंभर टक्के! तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत जिथे जीपीएस कमजोर आहे. उपग्रह सगळे डोक्यावरच्या बाजूला असतात, पायाखालचे पृथ्वी अडवते. म्हणजे उंचीच्या दिशेत आपण कायम "ब च्या पलीकडे". सगळी अंतरं थोडी जास्त आली तर आपण खाली गेलो का घड्याळ पुढे गेलं, हे वेगळं करणं अवघड. पूर्ण अशक्य नाही, कारण क्षितिजाजवळचे उपग्रह मदत करतात. डोक्यावरच्या उपग्रहाचं अंतर उंचीने बदलतं, क्षितिजावरच्याचं फारसं बदलत नाही, पण घड्याळाची चूक दोघांत सारखी दिसते. तेवढ्या फरकावर उंची निघते. म्हणून उंचीतली चूक साधारणपणे आडव्या जागेतल्या चुकीच्या दीड-दोन पट असते. आणि आजूबाजूला डोंगर किंवा इमारती असतील तर नेमके क्षितिजाजवळचेच झाकले जातात.

पाऊलवाट

उंचीचा विषय निघालाय तर माझी तक्रार. डोंगर चढताना माझं ॲप एक उंची दाखवतं, मित्राचं दुसरीच, फरक कधी कधी ६०-७० मीटर. समुद्रकिनाऱ्यावर तर चक्क उणे आकडा दाखवला होता, वाळूत उभा होतो मी, पाणबुडीत नाही. हीच घड्याळाची भानगड का?

गच्चीवरचा_अँटेना

ते बहुतेक घड्याळ नसावं. फोन उंची मोजतो ती पृथ्वीचा जो गुळगुळीत गणिती आकार धरलाय त्याच्यापासून, आणि समुद्रसपाटी त्या आकाराशी जुळत नाही. जागेनुसार फरक १०० मीटरच्या आसपासही जातो. काही ॲप तो फरक काढून दाखवतात, काही जसाच्या तसा आकडा दाखवतात. तुझा आणि मित्राचा फरक दर वेळी एकाच भागात एकसारखा येतो का? येत असेल तर हेच. सारखा बदलत असेल तर सर्किटताईंचं कारण.

पाऊलवाट

बघितलं नाही कधी. पुढच्या वेळी दोन्ही फोन एकाच दगडावर ठेवून बघतो.

दुपारची_झोप

माझी नदी राहिली.

सर्किटबाई

राहिली नाही, तिच्याकडेच येतेय. तुम्ही होतात कुठे, उंच इमारतींमध्ये का?

दुपारची_झोप

हो, नदीकाठचा रस्ता, एका बाजूला काचेच्या मोठमोठ्या इमारती.

सर्किटबाई

मग झालं. थेट येणारा सिग्नल इमारतीने अडवला आणि नदीपलीकडच्या एखाद्या भिंतीवर आपटून आलेला फोनने ऐकला असणार. तो लांबून आला, म्हणून उशिरा आला. ही चूक एकाच उपग्रहाची, सगळ्यांत सारखी नाही, त्यामुळे घड्याळाच्या खात्यात पूर्ण मावत नाही.

मनोऱ्यांवर आकडा मुद्दाम मोठा घेऊन बघा. ब चा सिग्नल कुठेतरी आपटून ६ मायक्रोसेकंद उशिरा आला. आता मोजमापं ११० आणि १९६. बेरीज ३०६, वरचे १०६, निम्मे ५३. अ चे ११० वजा ५३ म्हणजे ५७ मायक्रोसेकंद, म्हणजे १७.१ किलोमीटर. खरी जागा १८. सिग्नल १८०० मीटर जास्त फिरला, त्यातले निम्मे घड्याळाने गिळले आणि निम्मे, ९०० मीटर, तुमच्या जागेत आले. आणि वाईट भाग असा, की गणितात कुठेच काही बिघडल्यासारखं दिसत नाही. दोन मोजमापं, दोन अज्ञात, सगळं चोख बसलं.

शहरात जास्तीचा फेरा दहा-वीस ते शंभर-दोनशे मीटरचा असतो, पण तऱ्हा हीच. नदी ओलांडायला तेवढं पुरतं.

चौकस_चक्रम

मग फोनला कळतच नाही का कोण खोटं बोलतंय?

सर्किटबाई

चारच उपग्रह असतील तर नाही. पाचवा मिळाला की चुगली होते, कारण पाच मोजमापं एका जागेवर आणि एका घड्याळावर नीट बसत नाहीत, काहीतरी उरतं. पण खोटा कोण ते पाचात सांगता येत नाही. सहावा आला की एकेकाला बाहेर ठेवून बघायचं, ज्याला काढल्यावर बाकीचे पाच गुण्यागोविंदाने बसतात तो चोर. हल्ली फोन अमेरिकेचे, युरोपचे, रशियाचे, चीनचे असे सगळे उपग्रह ऐकतात, वीस-तीस सहज दिसतात, त्यामुळे हे जमतं. फक्त प्रत्येक यंत्रणेचा काळ थोडा वेगळा असतो, तो फरकही सोडवायचा तर यंत्रणेमागे एक अज्ञात वाढतो. आणि काचेच्या गल्लीत चार-पाच चोर एकदम असतात, तिथे हेही हात टेकतं.

आळशी_भुंगा

चार चोर मिळून एका साधूला बाहेर काढत असतील.

सर्किटबाई

होतं तसं, खरंच होतं.

उंटावरचा

उशिरा आलो. अवांतर वाटेल पण एक किस्सा. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह निवृत्त करताना काहीतरी गडबड झाली आणि बऱ्याच उपग्रहांनी १३ मायक्रोसेकंदांच्या आसपास चुकलेली वेळ सांगितली. टेलिकॉमवाल्यांची यंत्रं जगभर ठणाणा करत होती. पण नकाशे व्यवस्थित चालू होते, कुणाच्या गाड्या ४ किलोमीटर उडाल्या नाहीत. सर्किटताईंच्या म्हणण्याला पुरावाच आहे की हा.

सर्किटबाई

पुरावा म्हणून घ्यायला मला आवडलं असतं, पण ती चूक उपग्रहाच्या घड्याळात नव्हती. जीपीएसचा काळ आणि जगाचा अधिकृत काळ यांत फरक असतो, तो जुळवायचा जो आकडा उपग्रह सांगतात तो चुकला होता. जागा काढायला तो आकडा लागतच नाही. वेळेसाठी जीपीएस वापरणाऱ्यांना लागतो, म्हणून टेलिकॉमवाले ओरडले.

काळाच्या_पलीकडे

बघा, पुरावा नाही!

चौकस_चक्रम

मूळ प्रश्नावर येतो. चार उपग्रह, बेरजेची युक्ती, हे सगळं कळलं. पण ११० मायक्रोसेकंद तरी फोन मोजतो कसे? सिग्नल "आला" हा क्षण नॅनोसेकंदात पकडायचा कसा? उपग्रह काय टाळी वाजवतो?

गच्चीवरचा_अँटेना

टाळी नाही, न थांबणारी बडबड. प्रत्येक उपग्रहाचा १०२३ शून्य-एकांचा ठरलेला क्रम आहे, तो दर मिलिसेकंदाला परत परत म्हणत असतो. फोनला तो क्रम पाठ असतो. फोन स्वतःही तोच क्रम तयार करतो आणि पुढेमागे सरकवत बघतो, कुठे सगळ्यात चांगला जुळतो. सिग्नल इतका क्षीण असतो की आजूबाजूच्या गोंगाटाच्या खाली बुडलेला, एकेक शून्य-एक वेगळा ऐकूच येत नाही, पण हजारोंची गोळाबेरीज केली की जुळलेल्या जागी टोक वर येतं. किती सरकवावं लागलं ती वेळ. क्रमातला एक घटक म्हणजे २९३ मीटर, आणि टोक नेमकं कुठे आहे ते त्याच्या शंभराव्या भागापर्यंत ओळखता आलं तर ३ मीटर.

२०१८ पासून काही फोनमध्ये एल५ नावाचा दुसरा सिग्नलही ऐकतात, त्यात क्रम दहापट वेगाने म्हटला जातो, घटक २९ मीटरचा. टोक अरुंद होतं, त्यामुळे आपटून आलेला उशिराचा सिग्नल थेट आलेल्यापासून वेगळा दिसतो. @दुपारची_झोप, नवीन फोन घेताना हे बघा.

रेषेबाहेरची

पण मिलिसेकंदाला क्रम परत सुरू होतो तर फोनला फक्त मिलिसेकंदाच्या आतलं कळणार ना. एका मिलिसेकंदात प्रकाश ३०० किलोमीटर जातो. सिग्नल तर ७०-८० मिलिसेकंदांनी येत असेल. पूर्ण किती झाले ते कोण मोजतं?

गच्चीवरचा_अँटेना

बडबडीवर सेकंदाला ५० बिट या कासवगतीने एक संदेश चढवलेला असतो, त्यात दर ६ सेकंदांनी वेळेचा शिक्का येतो. त्यावरून पूर्ण मिलिसेकंद लागतात. त्याच संदेशात उपग्रहाची कक्षाही असते, ती पूर्ण ऐकायला १८ ते ३० सेकंद. नेट चालू असेल तर फोन ती नेटवरून आधीच उतरवून घेतो म्हणून पटकन लागतं, आणि नेट नसलेल्या जागी अर्धा मिनिट घुटमळतो ते यामुळे.

दुपारची_झोप

नवीन फोन घेण्यापेक्षा रस्ता बदलणं स्वस्त पडेल. पण माझं घड्याळ दोन मिनिटं मागे का पडतं ते कुणीच सांगितलं नाही.